सातव्या पायरीवर न्यूटन का अडकतो? बॅकवर्ड ऑयलर आणि ज्योतीचं समीकरण

प्रश्न: मी `y' = y² − y³`, `y(0) = 0.01` हे समीकरण बॅकवर्ड ऑयलरने सोडवतोय. पायरी `h = 10` घेतली आहे, आणि प्रत्येक पायरीचं समीकरण न्यूटन-रॅफसनने सोडवतो. ही पद्धत कितीही मोठ्या `h` ला स्थिर असते असं वर्गात शिकवलं होतं. पहिल्या सहा पायऱ्या नीट होतात, पण सातव्या पायरीला न्यूटन थांबतच नाही, आकडे वर-खाली होत राहतात. सुरुवातीचा अंदाज 1 दिला तर चालतं, पण मग पहिल्याच पायरीत उत्तर 0.89 येतं. माझ्या कोडमध्ये चूक आहे का?

उत्तर:

तुमच्या वर्णनावरून कोड बरोबर दिसतंय. मी तुमच्या सातही पायऱ्या हाताने करून पाहिल्या आणि माझाही न्यूटन तिथेच अडकला. अडचण `h` मध्ये आहे. ती नेमकी कुठे आहे हे याच समीकरणावर फार स्वच्छ दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे समीकरण लॉरेन्स शॅम्पाइन यांचं आहे आणि मॅटलॅबचे जनक क्लीव्ह मोलर यांच्या लेखनातून ते सगळीकडे पोचलं. काडी पेटवली की ज्योतीचा गोळा मोठा होत जातो. `y` ही त्या गोळ्याची त्रिज्या. प्राणवायू पृष्ठभागातून आत येतो, म्हणून `y²`. तो आतल्या आकारमानात जळतो, म्हणून `y³`. गोळा बराच वेळ जेमतेम वाढतो, मग एकदम भडकतो आणि `y = 1` ला स्थिरावतो. `0.01` पासून सुरुवात केली तर खरं उत्तर `t = 102.6` च्या आसपास अर्ध्यावर पोचतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुमची पहिली पायरी घेऊ. बॅकवर्ड ऑयलर म्हणतो की नवी किंमत `z` अशी हवी, की

`G(z) = z − y − h(z² − z³) = 0`

`y = 0.01` आणि `h = 10` घालून १० ने भागलं की `z³ − z² + 0.1z − 0.001 = 0` हे घन समीकरण मिळतं. योगायोगाने `z = 0.1` हे याचं अचूक मूळ आहे, त्यामुळे त्याचे अवयव कागदावरच पडतात: `(z − 0.1)(z² − 0.9z + 0.01)`. म्हणजे मुळं तीन आहेत: ०.०११२५, ०.१ आणि ०.८८८७.

इथेच तुमच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा होतो. बॅकवर्ड ऑयलर तुमच्या हातात फक्त समीकरण देतो. त्याला एकच मूळ असेल अशी हमी देत नाही. आपल्याला हवं ते मूळ कोणतं? `h` शून्यापासून हळूहळू वाढवत नेला तर `z = y` पासून जे मूळ सलग सरकत येतं, ते. इथे ते ०.०११२५. उरलेली दोन मुळं मोठ्या `h` मुळे उगवलेली आहेत आणि मूळ डिफरन्शियल समीकरणाशी त्यांचं काही नातं नाही. तुम्ही अंदाज १ दिलात तेव्हा न्यूटन १ वरून ०.९१, मग ०.८९० असा उतरत ०.८८८७ वर जाऊन बसला. त्याने त्याचं काम चोख केलं, पण ज्योत `t = 10` लाच पेटली. म्हणून अंदाज नेहमी मागच्या पायरीच्या उत्तरावरून घ्यावा. केवळ न्यूटन थांबतो म्हणून दूरचा अंदाज देऊ नये.

`z = 0.01` पासून निघालं तर पहिली पायरी अशी होते: ०.०१, मग ०.०११२३३, मग ०.०११२५१८. प्रत्येक फेरीतली दुरुस्ती पाहिली तर `1.2e-3`, `1.9e-5`, `4.5e-9`. घातांक दर फेरीला साधारण दुप्पट होतोय. निरोगी न्यूटनची हीच खूण, तिच्याकडे पुन्हा येऊ.

पुढच्या पायऱ्यांची उत्तरं, तुमच्याशी ताडून पाहा: ०.०१२८९, ०.०१५१५, ०.०१८५२, ०.०२४२७ आणि सहावी ०.०३८५७. सातव्या पायरीला मात्र न्यूटन असा फिरतो:

०.०३८६ → ०.०९०९ → ०.०५०९ → ०.२५९ → ०.१३१ → ०.०७९९ → ०.०३७०

सहा फेऱ्यांनी तो जवळजवळ निघाला तिथेच परत आलाय. कारण `G` चा आलेख काढला की डोळ्यांना दिसतं. `h = 10` असताना `G` डावीकडून चढत येतो, `z = 0.0544` ला एक टेकडी करतो, मग खाली उतरून दरी करतो आणि पुन्हा वर जातो. पहिल्या पायऱ्यांमध्ये त्या टेकडीचा माथा शून्याच्या वर होता, म्हणून टेकडी चढताना आलेख शून्यरेषेला छेदायचा आणि तेच आपलं मूळ. जसजसा `y` वाढतो तसतसा सगळा आलेख खाली सरकतो. `y` ०.०२६४ च्या पुढे गेला की माथाच शून्याखाली जातो. आपलं मूळ आणि मधलं मूळ एकमेकांना भेटून नाहीसे होतात, उरतं फक्त उजवीकडचं, ०.८९३ च्या आसपासचं. सहाव्या पायरीअखेर तुमचा `y` ०.०३८६ आहे. म्हणजे न्यूटन अशा टेकडीभोवती मूळ शोधत फिरतोय जिथे मूळ नाहीच. माथ्याजवळ उतार जवळपास शून्य, त्यामुळे एखादी फेरी त्याला लांब फेकते (०.०५०९ वरून ०.२५९), आणि पलीकडचा उतार पुन्हा मागे आणतो.

फेऱ्यांची मर्यादा वाढवून शंभर केली तर कधीतरी तो उजव्या मुळाला लागेलही. तसं करू नका. मग `t = 70` ला उत्तर ०.८९ येईल, आलेख सुंदर दिसेल आणि ज्योत तीसहून जास्त एकक आधी पेटलेली असेल.

आता वर्गात शिकवलेल्या वाक्याकडे येतो. ते खोटं नाही, पण त्याची अट बऱ्याचदा सांगायची राहून जाते. डालक्विस्ट यांनी १९६३ मध्ये ही हमी, म्हणजे ए-स्थिरता, मांडली ती `y' = λy` या रेषीय समीकरणावर, आणि तीही `λ` चा वास्तव भाग ऋण असताना, म्हणजे खरं उत्तर विझत जात असताना. आपल्या समीकरणाची उजवी बाजू `f(y) = y² − y³` म्हटली तर `λ` ची जागा `f'(y) = 2y − 3y²` घेतो, आणि `y` दोन तृतीयांशाच्या खाली आहे तोवर तो धन आहे. ज्योत पेटेपर्यंतचा सगळा प्रवास त्या हमीच्या बाहेर आहे. `G'` लिहून पाहा:

`G'(z) = 1 − h·f'(z)`

रेषीय समीकरणावर बॅकवर्ड ऑयलरचा गुणक `1/(1 − hλ)` असतो. त्याचा छेद आणि न्यूटनचा उतार ही एकच गोष्ट आहे. `hλ` १ ला पोचला की छेद शून्य होतो, टेकडीचा माथा येतो, मुळं नाहीशी होतात. म्हणून मी प्रत्येक पायरीला `h·f'` हा एकच आकडा बघतो. तो ऋण असेल तर `G'` एकपेक्षा मोठा, आणि `h` कितीही घ्या. तो धन असून १ च्या जवळ येत असेल तर `h` कमी करायची वेळ झाली.

या समीकरणात `2z − 3z²` ची कमाल किंमत १/३ आहे, `z = 1/3` ला. त्यामुळे `h < 3` असेल तर `G` सगळीकडे चढताच राहतो आणि मूळ एकच असतं, मग `y` काहीही असो. मोठा `h` हवा असेल तर तो कुठे चालेल आणि कुठे नाही हे पायरीगणिक ठरवायला हवं. मी हे असं लिहितो:

```python
def step(y, h, rtol=1e-8, kmax=5):
    z = y
    for k in range(kmax):
        g  = z - y - h*(z**2 - z**3)
        dg = 1 - h*(2*z - 3*z**2)
        if dg < 0.5:
            return None
        dz = -g/dg
        z += dz
        if abs(dz) < rtol*abs(z):
            return z
    return None

t, y, h = 0.0, 0.01, 10.0
while t < 200:
    z = step(y, h)
    if z is None:
        h = h/2
        continue
    t, y = t + h, z
    h = min(1.5*h, 10.0)
```

`dg < 0.5` म्हणजे `h·f'` अर्ध्याच्या वर गेला की पायरी नाकारायची. अर्धा हा माझा सवयीचा आकडा आहे, कुठला नियम नाही. पण टेकडीच्या माथ्यापासून पुरेसं अंतर राखतो. तुमच्या बाबतीत ही अट सातव्याच्या आधी, सहाव्या पायरीलाच लागते. ती पायरी `0.0243` वरून सुरू होते तेव्हा `dg` ०.५३ असतो, पण एका फेरीनंतर `z = 0.0351` ला तो ०.३४ वर येतो. सहाव्या पायरीला न्यूटन थांबला, मूळही खरं होतं, तरी ती पायरी स्वीकारायला नको होती. `t = 60` ला खरं उत्तर ०.०२४४ आहे आणि तुमचं ०.०३८६.

`kmax` पाचच का? पायरी योग्य असेल तर चार फेऱ्यांत काम होतं, हे वर दिसलंच. पाचमध्ये झालं नाही तर सहाव्या-सातव्या फेरीची वाट पाहण्यापेक्षा `h` अर्धा करणं स्वस्त पडतं आणि सुरक्षितही. शिवाय `z = y` पासून निघण्याचा इथे एक फायदा आहे: `z` एक तृतीयांशाच्या खाली असताना `G` वरच्या बाजूला फुगलेला असतो, त्यामुळे न्यूटन मुळाकडे खालून, एकाच दिशेने जातो आणि ते ओलांडत नाही. डावीकडे असलेलं मूळ हुकायची भीती राहत नाही.

ज्योत पेटली की सगळं उलटं होतं. `y = 1` जवळ `f' = −1`. साधा, पुढे जाणारा ऑयलर `h = 10` ला तिथली चूक दर पायरीला −९ ने गुणतो, उत्तर दोन पायऱ्यांत उधळतं. त्याला `h` दोनच्या आत ठेवावाच लागतो, उत्तर जागचं हलत नसलं तरी. बॅकवर्ड ऑयलर तीच चूक ११ ने भागतो: ०.८९३, ०.९९०, ०.९९९. या पद्धतीची खरी कमाई इथे आहे. सुरुवातीची त्रिज्या `0.0001` घेऊन `t = 20000` पर्यंत गेलात तर हा सपाट भाग दहा हजार एकक लांब होतो, मग फरक चांगलाच जाणवतो.

तुमच्याकडे अजून न आलेल्या दोन अडचणी सांगून ठेवतो, कारण या दोन्हींत न्यूटन तक्रार करत नाही.

पहिली `G'` मधल्या चिन्हाची. घाईत `1 + h*(2*z - 3*z**2)` लिहिलं जातं. गंमत म्हणजे पहिल्या पायऱ्यांना तरीही उत्तर बरोबर येतं, कारण थांबण्याच्या वेळी `G` शून्यच असतो, उतार चुकला तरी. फक्त फेऱ्या वाढतात: दुरुस्ती दर फेरीला साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते, वरच्यासारखी झपाट्याने कोसळत नाही. मग ज्योत पेटते, `y` १ जवळ येतो, चुकीचा उतार −९ होतो (खरा ११), आणि न्यूटन दर फेरीला दूर जायला लागतो. माणूस तेव्हा पेटण्याच्या भागात चूक शोधत बसतो, आणि चूक पहिल्या ओळीपासून तिथेच असते. म्हणून कोड नवा असताना पहिल्याच पायरीची `dz` ची किंमत दर फेरीला छापून पाहा. घातांक दुप्पट होत नसेल तर डेरिव्हेटिव्ह पुन्हा तपासा, उत्तर कितीही बरोबर दिसत असलं तरी.

दुसऱ्या अडचणीत माझे स्वतःचे दोन दिवस गेले आहेत. सुरुवातीची त्रिज्या `0.0001`, पायरी १०, आणि थांबायची अट मी `abs(g) < 1e-6` ठेवली होती. दहा लाखातला एक भाग, पुरेशी कडक वाटली. कार्यक्रम विनातक्रार चालला आणि ज्योत पेटलीच नाही. `t = 20000` ला `y` अजून `0.0001`, शेवटच्या दशांशापर्यंत. समीकरण चुकलं असेल म्हणून मी ते तीनदा तपासलं. अखेर एक पायरी हाताने केली तेव्हा कळलं: `z = y` ला `G` ची किंमत `−h·y²`, म्हणजे `−1e-7`. ती आधीच माझ्या मर्यादेच्या आत होती. न्यूटन एकही फेरी न करता "झालं" म्हणत होता, प्रत्येक पायरीला. खरी ज्योत तिथे `t = 10007` च्या आसपास पेटते. तेव्हापासून मी थांबायची अट दुरुस्तीवर लावतो, `G` वर नाही, आणि तीही `z` च्या प्रमाणात. शिवाय निदान एक फेरी झाल्याशिवाय तपासत नाही. वरच्या कोडमध्ये `rtol*abs(z)` आणि अटीची जागा त्याचसाठी आहे.

शेवटी अचूकतेबद्दल, कारण न्यूटन नीट चालायला लागला की उत्तरही बरोबर आलं असं वाटू लागतं. न्यूटन सांगतो की बॅकवर्ड ऑयलरचं समीकरण सुटलं. ते समीकरण मुळातल्यापासून किती लांब आहे हे तो सांगत नाही. स्थिर `h` ने गेलं तर बॅकवर्ड ऑयलर नकळत `f` ऐवजी `f + (h/2)·f'·f` सोडवत असतो. `f'` धन असताना ही भर वाढीच्या बाजूने पडते, म्हणून ज्योत नेहमी लवकर पेटते. किती लवकर, याचा अंदाज `(h/2)·ln( f(0.5)/f(0.01) )` या राशीने येतो. आकडे घातले की सुमारे `3.6h`. `h = 1` ला ज्योत साडेतीन एकक आधी, `h = 0.1` ला ०.३६ आधी. `h = 10` साठी हा अंदाज खरं तर ताणलेला आहे, तरी तो ३६ सांगतो आणि उरलेलं उजवं मूळ घेतलं तर तुमचा `y` ६० आणि ७० च्या दरम्यानच अर्धा ओलांडतोय, १०२.६ ऐवजी. न्यूटनची मर्यादा `1e-8` वरून `1e-14` केलीत तरी यातला एक दशांशही हलणार नाही.

म्हणून वरचा कोड न्यूटनला सांभाळतो, वेळेच्या चुकीला नाही. त्यासाठी मी प्रत्येक पायरी दोनदा करतो: एकदा `h` ने, एकदा `h/2` च्या दोन पायऱ्यांनी. फरक त्रिज्येच्या शेकडा एकापेक्षा जास्त असेल तर `h` अर्धा. तुमच्या पहिल्याच पायरीला, `h = 10` असताना, हा फरक पाऊण टक्क्याच्या आसपास असतो, म्हणून ती स्वीकारली जाते. पुढे `y` वाढत जातो तशी हीच अट `dg` च्या अटीच्या आधी लागायला लागते आणि `h` आपोआप लहान होतो. पेटल्यानंतर सपाट भागात तो पुन्हा १० वर जातो.